140 की 112? प्रजाती मोजताना होणारी फसगत

कोस्टारिकाच्या नैऋत्य टोकाला, पॅसिफिक महासागरात शिरलेलं ओसा नावाचं द्वीपकल्प आहे. डॅनियल जॅन्झन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं तिथल्या झाडोऱ्यावरून जाळी फिरवून कीटक गोळा केले आणि त्यांच्या नोंदी 1973 साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यातल्या भुंगेऱ्यांच्या दोन याद्या आजही जगभरच्या अभ्यासकांना पाठ असल्यासारख्या आहेत. एक यादी जुन्या, न तोडलेल्या जंगलातली. दुसरी, तोड झाल्यानंतर पुन्हा वाढलेल्या रानातली. नव्या रानात भुंगेऱ्यांच्या 140 प्रजाती मिळाल्या आणि जुन्या जंगलात 112.

एवढंच वाचलं तर निष्कर्ष सरळ दिसतो. तोडलेलं जंगल पुन्हा वाढलं की मूळ जंगलापेक्षा समृद्ध होतं, असं कोणीही म्हणेल. पण त्याच याद्यांमध्ये आणखी दोन आकडे आहेत. नव्या रानातल्या 140 प्रजाती 976 भुंगेरे तपासून मिळाल्या होत्या. जुन्या जंगलातल्या 112 प्रजाती मात्र अवघ्या 237 भुंगेऱ्यांमधून निघाल्या. म्हणजे एकीकडे दुसरीकडच्या चौपटीहून जास्त किडे हाताखालून गेले होते. अशा वेळी 140 आणि 112 यांची थेट तुलना करणं चूक आहे, आणि किती चूक आहे हे आकडेमोड करून दाखवता येतं.

कुठल्याही जागी प्रजाती मोजायला सुरुवात केली की पहिल्या काही नमुन्यांत जवळजवळ प्रत्येक जीव नवा असतो. मग तेच ते चेहरे पुन्हा दिसू लागतात आणि नवी प्रजाती क्वचित हाती लागते. किती जीव तपासले हे आडव्या अक्षावर आणि तोवर एकूण किती प्रजाती झाल्या हे उभ्या अक्षावर मांडलं, की आधी झपाट्यानं चढणारी आणि पुढे वाकत जाणारी रेघ मिळते. हाच प्रजाती-संचयाचा आलेख. रेघ जवळजवळ आडवी झाली असेल तर त्या जागेतल्या, त्या पद्धतीनं सापडू शकणाऱ्या बहुतेक प्रजाती नोंदल्या गेल्या असं समजायला हरकत नसते. ती अजून चढतीच असेल, तर यादी अर्धवट आहे.

यात एक अडचण लगेच जाणवते. पहिल्या दिवशी योगायोगानं वेगवेगळे किडे मिळाले तर रेघ सुरुवातीलाच उंच जाते. त्याच दिवशी एकाच जातीचा थवा जाळीत आला तर ती रेंगाळते. नमुने तेच, पण क्रम बदलला की आकार बदलतो. त्यामुळे नमुन्यांचा क्रम यादृच्छिकपणे पुन्हा पुन्हा बदलून सगळ्या रेघांची सरासरी काढतात. पूर्वी हे संगणकावर शेकडो वेळा पत्ते पिसल्यासारखं करावं लागे. आता त्यासाठी थेट सूत्रं आहेत आणि सरासरी रेघ एका झटक्यात मिळते.

ओसाचा प्रश्न सोडवण्याची वाट या सरासरी रेघेतच आहे. नव्या रानाची रेघ 976 भुंगेऱ्यांपर्यंत जाते, जुन्या जंगलाची 237 वर संपते. तेव्हा लांब रेघेवर 237 पर्यंत मागे यायचं आणि तिथे किती प्रजाती होत्या ते पाहायचं. प्रश्न असा बनतो: नव्या रानातही फक्त 237 भुंगेरे मिळाले असते तर त्यांत सरासरी किती प्रजाती असत्या? मोठ्या नमुन्याला लहान नमुन्याच्या आकारावर आणण्याच्या या रीतीला रेअरफॅक्शन म्हणतात, मराठीत विरलीकरण.

ही कल्पना लोकप्रिय केली ती समुद्रतळाच्या चिखलात राहणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या हॉवर्ड सँडर्स यांनी. खोल समुद्रातून वर आणलेल्या नमुन्यांत कधी फार थोडे जीव येत, तर उथळ किनाऱ्यावरच्या नमुन्यांत ढिगानं. दोन्हींत शिंपले आणि सागरी वलयी कृमी यांच्या किती प्रजाती आहेत याची न्याय्य तुलना करायची म्हणून 1968 साली त्यांनी ही रीत मांडली. त्यांच्या गणितात मात्र एक खोट होती. नमुना लहान केला तरी प्रत्येक प्रजातीचं शेकडा प्रमाण तसंच राहतं, असं त्यांनी धरलं होतं. त्यामुळे उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येई. 1971 साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी ते दुरुस्त केलं आणि आज वापरात आहे ते संभाव्यतेचं सूत्र दिलं.

ते सूत्र कागदावर भीतीदायक दिसतं, पण ओसाच्या यादीवर चालवून पाहिलं की त्यातली साधी गोष्ट कळते. नव्या रानातले 976 भुंगेरे एका डब्यात आहेत आणि त्यातून न बघता 237 उचलायचे आहेत, असं समजू. प्रत्येक प्रजातीबद्दल एकच प्रश्न विचारायचा: उचललेल्यांत हिचा निदान एक तरी किडा असेल, याची शक्यता किती?

या यादीत 70 प्रजातींचा प्रत्येकी एकच किडा सापडला होता. असा एकुलता एक किडा 237 मध्ये येण्याची शक्यता 976 पैकी 237, म्हणजे सुमारे 24 टक्के. तेव्हा या 70 पैकी सरासरी 17 प्रजातीच हाती लागतील. 17 प्रजातींचे प्रत्येकी दोन किडे होते. दोन्ही डब्यातच राहून जाण्याची शक्यता 739 भागिले 976, गुणिले 738 भागिले 975, म्हणजे सुमारे 57 टक्के. उरलेले 43 टक्के त्या प्रजातीच्या बाजूचे, म्हणून 17 पैकी साधारण 7 मिळतील. याच्या उलट टोकाला 10 प्रजाती अशा होत्या की त्यांचे प्रत्येकी 21 ते 77 किडे सापडले होते. त्या सुटण्याची भीती जवळजवळ नाहीच, दहाच्या दहा येतील. मधल्या 43 प्रजातींचे 3 ते 20 किडे होते. त्यांचा हिशेब असाच केला की सुमारे 36 येतात.

सगळ्यांची बेरीज 70.

म्हणजे 237 भुंगेऱ्यांमागे नव्या रानात सरासरी 70 प्रजाती आणि जुन्या जंगलात 112. क्रम उलटला, आणि तोही निसटता नव्हे. रॉबर्ट कोलवेल, ॲन चाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली याच याद्या पुन्हा तपासल्या. दोन्ही रेघांभोवतीच्या अनिश्चिततेच्या पट्ट्याही त्यांनी काढल्या. 237 वर त्या पट्ट्या एकमेकींना शिवत नाहीत. ‘नव्या रानात 140, जुन्या जंगलात 112’ हे वाक्य खोटं नव्हतं. ते जंगलाबद्दल कमी आणि किती किडे पकडले याबद्दल जास्त सांगत होतं, एवढंच.

यानंतर अनेकांना वाटतं की प्रश्न मिटला: दोन्ही नमुने समान संख्येवर आणले की तुलना झाली. पण समान म्हणजे कितीवर, हे ठरवण्यातही फसगत होते. ओसाच्याच दोन रेघा सुरुवातीपासून पाहा. 10 भुंगेऱ्यांवर दोन्हीकडे सरासरी जवळपास 9 प्रजाती येतात, फरक नाहीच. 40 वर जुन्या जंगलात सुमारे 28 आणि नव्या रानात 25. आणि 237 वर थेट 112 विरुद्ध 70. एखाद्या अभ्यासात पाच-सहा जागा असतील आणि त्यांतल्या एका जागी 10 च किडे मिळाले असतील, तर त्या एका दुबळ्या नमुन्यापायी सगळ्या जागा 10 वर आणल्या जातात आणि ‘कुठेच फरक नाही’ असा निकाल लागतो. विरलीकरणाची ही सर्वांत सामान्य चूक आहे. ती ओळखायची खूणही सोपी आहे: एकच आकडा न पाहता पूर्ण रेघ काढावी. रेघा ज्या ठिकाणी कापल्या आहेत तिथे त्या अजून चिकटलेल्या आणि चढत्याच असतील, तर तो निकाल धरू नये. जो नमुना इतका तोकडा आहे तो तुलनेतून वगळणं हे बाकी सगळ्यांची माहिती फेकून देण्यापेक्षा बरं.

सुरुवातीला रेघा चिकटून का चालतात, याचं कारण त्या यादीतच आहे. पहिले काही किडे उचलताना कोणत्या प्रजाती भरपूर आहेत, यावरच सगळं ठरतं. जुन्या जंगलात 237 पैकी 42 किडे एकाच प्रजातीचे होते. त्यामुळे सुरुवातीला तीच ती पुन्हा समोर येते आणि रेघ दबते. पुढे मात्र दुर्मीळ प्रजातींची रांग सुरू होते. तिथल्या 112 पैकी 84 प्रजाती, म्हणजे चारातल्या तीन, फक्त एकेकदाच सापडल्या होत्या. नव्या रानात हे प्रमाण निम्मं होतं.

या ‘एकेकदा’ सापडलेल्या प्रजाती सांख्यिकीच्या दृष्टीनं फार बोलक्या असतात. दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम करताना ॲलन ट्युरिंग यांना एक गोष्ट सुचली आणि त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी ती 1953 साली प्रसिद्ध केली. नमुन्यातल्या एकूण नोंदींपैकी एकदाच आलेल्यांचं प्रमाण पाहिलं, की पुढची नोंद अगदी नव्या प्रकारची असण्याची शक्यता साधारण तेवढीच असते. हा नियम भुंगेऱ्यांना लावला तर जुन्या जंगलात 84 भागिले 237, म्हणजे सुमारे 35 टक्के येतात. पुढच्या प्रत्येक तीन किड्यांमागे एक तरी अजून यादीत नसलेल्या प्रजातीचा निघण्याची शक्यता होती. नव्या रानात 70 भागिले 976 म्हणजे 7 टक्के. उलट्या बाजूनं बोलायचं तर जुन्या जंगलाच्या यादीची व्याप्ती 65 टक्के आणि नव्या रानाच्या यादीची 93 टक्के.

आता खरा पेच पुढे येतो. नव्या रानाचा नमुना 237 वर आणला तरी त्याची व्याप्ती सुमारे 85 टक्के राहते. म्हणजे दोन्हीकडे 237 किडे असले तरी नव्या रानाचं चित्र बरंचसं पूर्ण झालेलं आहे आणि जुन्या जंगलाचं पुष्कळ अपुरं. समृद्ध जागेला तेवढीच मेहनत कमी पडते. त्यामुळे समान संख्येवर केलेली तुलना समृद्ध जागेवर थोडा अन्यायच करते. 112 आणि 70 यांतला फरक खऱ्या फरकापेक्षा लहान असण्याचाच संभव जास्त. म्हणून ॲन चाओ आणि लू योस्ट यांनी 2012 साली सुचवलं की नमुने समान संख्येवर न आणता समान व्याप्तीवर आणावेत. या पद्धतीत ज्या जागेत प्रजाती जास्त तिथे आपोआप जास्त किडे मोजले जातात. नमुना लहान असेल तर त्याची रेघ अंदाजानं पुढेही वाढवता येते, पण साधारण दुपटीपर्यंतच. त्यापलीकडे अंदाज भरवशाचा राहत नाही.

मग जुन्या जंगलात एकूण भुंगेरे किती प्रकारचे, हे सांगता येईल का? एकेकदा आणि दोनदोनदा सापडलेल्या प्रजातींवरून न सापडलेल्यांची किमान संख्या काढण्याचं चाओ यांचं एक सूत्र आहे. त्यानुसार जुन्या जंगलात किमान 463 आणि नव्या रानात किमान 284 येतात. क्रम पुन्हा तोच. पण 112 पाहून 463 म्हणणं ही मोठी उडी आहे. यादीची व्याप्ती 65 टक्के असताना अशा आकड्याला फार तर ‘अजून पुष्कळ शिल्लक आहे’ एवढाच अर्थ द्यावा. समान पातळीवर केलेली तुलना त्यापेक्षा कितीतरी भक्कम असते, कारण ती प्रत्यक्ष हाती आलेल्या किड्यांच्या आत राहून केलेली असते.

आडव्या अक्षावर काय मांडायचं, हा प्रश्नही किरकोळ नाही. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या कोरड्या जंगलात, पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर आणि मलेशियातल्या पासोह इथे प्रत्येकी 50 हेक्टरच्या चौकटीत बोटाएवढ्या जाडीच्या रोपापासून महावृक्षापर्यंत प्रत्येक खोड मोजलं गेलं आहे. क्षेत्र तिन्हीकडे अगदी सारखं. पण मुदुमलाईत त्या 50 हेक्टरांवर 25 हजारांच्या आसपास खोडं आणि 70 च्या आसपास प्रजाती होत्या, तर पासोहमध्ये 3 लाखांहून जास्त खोडं आणि 800 हून जास्त प्रजाती. हेक्टरमागे तुलना केली तर विरळ झाडीचं जंगल आधीच मागे पडतं, कारण तिथे मोजायला खोडंच कमी आहेत. रिचर्ड कॉन्डिट आणि सहकाऱ्यांनी 1996 साली तिन्ही जंगलांची क्षेत्रावर आणि खोडांच्या संख्येवर अशी दोन्ही प्रकारे तुलना केली. समान खोडांवर आणलं तरी मुदुमलाई पासोहपेक्षा पुष्कळ गरीबच ठरतं, पण त्या तुलनेत झाडी दाट आहे की विरळ, याचा फरक बाजूला काढलेला असतो. दर हेक्टरी किती प्रजाती वाचवता येतील हे वनखात्याला हवं असेल, तर क्षेत्रच बरोबर. दोन्ही समूहांची घडण कशी वेगळी आहे हे समजून घ्यायचं असेल, तर खोडं. आधी प्रश्न ठरवावा, मग अक्ष.

डब्यातून किडे उचलण्याच्या या सगळ्या हिशेबामागे एक गृहीतक आहे: प्रत्येक किडा स्वतंत्रपणे जाळीत आला. निसर्गात तसं क्वचितच घडतं. एका फांदीवर एकाच प्रजातीचे तीस भुंगेरे बसलेले असतात आणि जाळीच्या एका फटक्यात तिसाही येतात. त्यांना तीस स्वतंत्र नोंदी मानलं तर 237 किड्यांत जितकी विविधता दिसायला हवी त्याहून जास्त गणितात दिसते, कारण कागदावर आपण तो घोळका पार विखरून टाकलेला असतो. म्हणून जिथे जीव घोळक्यानं राहतात तिथे एकेक किडा हे एकक न धरता एकेक नमुना धरावा: एक फेरी, एक सापळा, एक चौरस. मग समान संख्येच्या फेऱ्यांवर तुलना होते. यासाठी प्रत्येक फेरीची नोंद वेगळी ठेवलेली असावी लागते, आणि नेमकी तीच बऱ्याचदा नसते.

पद्धत वेगळी असेल तर मात्र कोणतंही गणित मदतीला येत नाही. एकीकडे रात्री दिवा लावून पतंग पकडले आणि दुसरीकडे दिवसा जाळी फिरवली, तर दोन्ही याद्या वेगळ्याच प्राणिसमूहांच्या आहेत. एकीकडे पावसाळ्यात गेलात आणि दुसरीकडे मे महिन्यात, तरी तेच. विरलीकरण फक्त मेहनतीतला कमीजास्तपणा काढतं. शिवाय ते संख्येबद्दल बोलतं, नावांबद्दल नाही. दोन जागी समान पातळीवर 70-70 प्रजाती आल्या तरी त्यांतली एकही सामाईक नसू शकते, किंवा एकीकडे सगळे सर्वत्र आढळणारे किडे आणि दुसरीकडे त्या डोंगराखेरीज कुठेच न सापडणारे असू शकतात. कोणती जागा राखावी हे ठरवताना हा आकडा एकटा पुरत नाही.

आकडेमोडीची आता कोणालाही धास्ती वाटू नये. R या मोफत संगणकभाषेत vegan आणि iNEXT या नावांची तयार साधनं आहेत. प्रजातीनिहाय संख्यांचा तक्ता दिला की रेघ, तिच्या भोवतीची अनिश्चिततेची पट्टी आणि व्याप्ती ही तिन्ही काही सेकंदांत मिळतात. अडतं ते तक्त्याशीच.

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. त्याखेरीज फुलपाखरांच्या, पक्ष्यांच्या, बेडकांच्या याद्या करणारे हौशी गट तालुक्यातालुक्यात आहेत. शहराजवळच्या तलावावर दर रविवारी दहा जण दुर्बिणी घेऊन जातात, आडबाजूच्या पाणवठ्यावर वर्षातून एकदा दोघे जातात, आणि मग दोन्ही याद्यांची लांबी शेजारी शेजारी छापली जाते. लांब यादीच्या जागेला संरक्षण मिळतं, आखूड यादीच्या जागेवरून रस्ता जातो. यादीत नुसती नावं असतील तर ही चूक नंतर कोणालाही सुधारता येत नाही, कारण विरलीकरणाला लागणारा कच्चा मालच कुठे लिहिलेला नसतो.

म्हणून नोंदवही भरणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. प्रजातीच्या नावापुढे ती किती वेळा दिसली तो आकडा लिहा, अगदी एकदाच दिसली असली तरी ‘1’ लिहा. प्रत्येक फेरी स्वतंत्र पानावर ठेवा. त्या पानावर तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, किती जण होते आणि कशानं मोजलं एवढं टिपा. फेरीत काहीच मिळालं नाही तरी ते पान फाडू नका.